एकदाच मारायची हाक

संध्याकाळी साडेपाचला दादरच्या शिवाजी पार्कात कुणीतरी कुत्र्याला हाक मारत असतंच. ‘ब्रुनो! ब्रुनो, ये! अरे ये ना!’ ब्रुनो भेळेच्या कागदात तोंड घालून उभा. सातव्या हाकेला मालक चिडून जातो, एक चापट देतो, पट्टा अडकवतो आणि घरची वाट धरतो. एवढ्यात कुत्रं दोन गोष्टी पक्क्या शिकलं: पहिल्या सहा हाकांना काही अर्थ नसतो आणि सातवीला मजा संपते. पुढच्या वेळी ते आणखी लांबून वळसा घेणार, यात नवल नाही.

अशी वाया गेलेली हाक दुरुस्त करण्यापेक्षा सरळ नवी घ्यावी. गर्दीच्या मैदानात ‘ये’ आणि ‘चल’ तर सगळेच ओरडत असतात. शिट्टी चांगली, पण शेजारी फुटबॉलचा सराव चालू असेल तर तीही गेली. ‘हुप्पा’सारखा, इतर कुणाच्या तोंडी नसलेला शब्द बरा. पहिले काही दिवस तो फक्त घरात वापरायचा. शब्द उच्चारायचा, क्षणभर थांबायचं, मग उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. शाकाहारी घरात पनीर चालतं. कुत्र्याकडून अजून काहीच मागायचं नाही. क्रम मात्र सांभाळायचा. हात आधी खिशाकडे गेला तर कुत्रं हात वाचायला शिकतं आणि शब्द कोरडाच राहतो. दुसऱ्या खोलीतून शब्द ऐकून ते धावत आलं, की शब्दात जीव आला म्हणायचं.

आता समजा, आठ महिन्यांची देशी कुत्री आहे, चिमी. हे वय अवघड. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ‘बायोलॉजी लेटर्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना मालकाचं ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच मालकाचं कमी ऐकत होती; परक्या माणसाच्या बाबतीत मात्र अशी घसरण दिसली नाही. घरोघरच्या आईवडिलांना हे ओळखीचं वाटेल.

चिमीला सकाळी लवकर, गर्दी वाढायच्या आत न्यावं. अंगात छातीपट्टा आणि त्याला पाच मीटरची साधी सुती दोरी. गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोरी बांधू नये. धावत्या कुत्र्याला मानेवर जोराचा हिसका बसतो. दहा मीटरची दोरी मोकळ्या माळावर ठीक, इथे ती फेरी मारणाऱ्या आजोबांच्या पायांत जाईल.

पोरांचं क्रिकेट चालू आहे, त्यापासून चाळीसेक पावलांवर उभं राहा आणि चिमीपुढे चिकन धरा. तिनं ते घेतलंच नाही, किंवा डोळे चेंडूवर ठेवून नुसतं हिसकलं, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. ती निवांत खाऊन जमीन हुंगू लागली, की एकदाच ‘हुप्पा’ म्हणा आणि स्वतः उलट दिशेनं चार पावलं पळा. कुत्र्याला पाठलाग आवडतो, तो तुमचा होऊ द्या. ती आली, की आधी छातीपट्टा हातात धरा, मग तुकडा द्या. हे उलट केलं तर खाऊन निसटणारं कुत्रं तयार होतं. आणि लगेच ‘जा’ म्हणून तिला पुन्हा हुंगायला सोडा. पुष्कळांना हे पटत नाही, पण चिकनइतकंच मोल या परत सोडण्याला आहे. दहातल्या नऊ हाका अशाच संपायला हव्यात. घरी निघायची वेळ झाली, की हाक न मारता चालत जाऊन दोरी उचलावी.

ती आलीच नाही तर? पुन्हा हाक नाही, दोरी ओढणंही नाही. दोरीच्या कडेनं तिच्यापर्यंत जा, नाकाशी तुकडा दाखवा आणि दोघं मिळून लांब सरका. चूक अंतराची होती. एका अंतरावर ती दहात नऊ वेळा पहिल्या हाकेला येऊ लागली, तरच क्रिकेटच्या दिशेनं पाचसहा पावलं पुढे जा. पुढे गेलात, की तुमच्यातलं आणि तिच्यातलं अंतर मात्र दोन मीटरवर आणा. दोन्ही अडचणी एकदम वाढवू नका.

महिनोन्महिने हे जमलं, तरी गर्दीत दोरी काढायची नाही, असं माझं मत आहे. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला तुमचं कुत्रं तीन सेकंदांत परत येतं याचं काय कौतुक? पट्टा चुकून हातातून सुटला, हुक तुटला, तर त्या वेळेसाठी ही हाक. भीतीपुढे मात्र तीही चालत नाही. सुतळी बॉम्ब फुटल्यावर उधळलेल्या कुत्र्याला अनेकदा चिकनचंही भान नसतं. म्हणून दिवाळीच्या दिवसांत फिरवणं फटाके सुरू व्हायच्या आधी उरकावं, छातीपट्टा आणि गळपट्टा या दोन्हींना दोरी असावी, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला असावा.