बहुपर्यायी प्रश्नाची भाषिक तपासणी

प्रास्ताविक

आतापर्यंत आपण बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे देत आलात. या भागात आपल्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसून असा प्रश्न तपासावयाचा आहे. प्रश्नाचे दोन भाग असतात: जे विचारले जाते ते प्रश्नविधान आणि त्याखाली दिलेले पर्याय. दोन्ही भाग भाषेचेच बनलेले असल्याने त्यांतील दोषही बहुधा भाषिक असतात. अशा दोषामुळे विषय समजलेल्याचा गुण जातो आणि न समजलेल्यास तो मिळतो. पुढील प्रश्न वाचा.

'मुलाला' या पदाविषयी पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?
(अ) ते नेहमी प्रथमेतच असते.
(ब) त्याला कोणताच प्रत्यय लागलेला नाही.
(क) त्याची विभक्ती द्वितीया आहे.
(ड) 'ला' हा प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दाचे सामान्यरूप झाले असून संदर्भानुसार त्याची विभक्ती चतुर्थी असू शकते.

उत्तरसूचीत (ड) हे उत्तर दिले आहे असे समजू. या एकाच प्रश्नात तीन दोष आहेत. ते एकेक करून पाहू.

संदिग्ध प्रश्नविधान

पारंपरिक मराठी व्याकरणात 'स, ला, ते' हे प्रत्यय द्वितीयेचेही आहेत आणि चतुर्थीचेही. 'आईने मुलाला उचलले' या वाक्यात 'मुलाला' हे कर्म आहे. म्हणून त्याची विभक्ती द्वितीया. 'शिक्षकांनी मुलाला पुस्तक दिले' या वाक्यात पुस्तक हे प्रत्यक्ष कर्म असून ज्याला दिले तो मुलगा संप्रदान आहे. म्हणून विभक्ती चतुर्थी. पद तेच, रूपही तेच. वाक्य बदलताच विभक्ती बदलली. वरील प्रश्नात वाक्यच दिलेले नाही. त्यामुळे (क) निवडणाऱ्यास चूक ठरविण्याचा अधिकार परीक्षकाला उरत नाही.

ही चूक माझ्याही हातून घडली आहे. एका अंतर्गत चाचणीत मी केवळ "'मुलाला' या शब्दाची विभक्ती ओळखा" एवढेच विचारले होते आणि उत्तरसूचीत 'चतुर्थी' लिहिले होते. चाचणीनंतर नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, वाक्य कोठे आहे?" माझ्या मनात 'पुस्तक दिले' हे वाक्य होते, कागदावर ते नव्हते. दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून मला सर्वांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्या लागल्या.

प्रश्न लिहिणाऱ्याला संदिग्धता सहसा दिसत नाही, कारण कागदावर नसलेला संदर्भ त्याच्या मनात हजर असतो. म्हणून पहिली कसोटी अशी: पर्याय हाताने झाकावेत आणि केवळ प्रश्नविधान वाचून उत्तर देता येते का ते पाहावे. शक्यतो ही कसोटी प्रश्न न लिहिलेल्या व्यक्तीने करावी. 'कोणत्या वाक्यात?', 'कोणत्या मतानुसार?' असा उलट प्रश्न तिच्या मनात उमटला, तर प्रश्नविधान अपुरे आहे. 'पुढीलपैकी कोणते' अशा प्रश्नांना मात्र ही कसोटी जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे कोणत्या निकषावर निवड करावयाची, एवढे तरी प्रश्नविधानातून स्पष्ट झाले पाहिजे.

उत्तर सुचविणारे पर्याय

आता उलट करा. प्रश्नविधान झाका आणि केवळ पर्याय वाचा. व्याकरणाचा गंध नसलेला परीक्षार्थीही (ड)कडे वळेल. तो इतरांपेक्षा कितीतरी लांब आहे. 'संदर्भानुसार', 'असू शकते' अशी सावध भाषा केवळ त्यातच आहे, कारण बरोबर विधान बिनचूक व्हावे म्हणून परीक्षकाने त्याचीच काळजी घेतली. उलट (अ)मधील 'नेहमी' आणि 'च' हे शब्द, तसेच (ब)मधील 'कोणताच' हा शब्द ती विधाने सहज खोडता यावीत म्हणूनच आल्यासारखे वाटतात.

मराठीत आणखी एक सूचक असतो, तो म्हणजे लिंग. पुढील प्रश्न पाहा: 'नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी असलेला संबंध दाखविणारी ____ असते.' पर्याय: लिंग, वचन, विभक्ती, पुरुष. 'दाखविणारी' या स्त्रीलिंगी रूपाशी चारांपैकी केवळ 'विभक्ती' जुळते. हे उत्तर कानानेच मिळते. व्याख्या ठाऊक असण्याची गरज नाही. '...संबंध ज्या विकाराने दाखविला जातो त्यास काय म्हणतात?' अशी रचना केल्यास हा सूचक नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक पर्याय रिकाम्या जागेत घालून वाक्य मोठ्याने वाचावे. चारही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाटली पाहिजेत.

दुहेरी नकार

'अयोग्य नाही' यात एक नकार उपसर्गात लपला आहे आणि दुसरा वाक्याच्या शेवटी आहे. त्यावर (ब)मध्ये तिसरा नकार आला. परीक्षार्थीची शक्ती विभक्तीऐवजी नकार मोजण्यात खर्च होते. शिवाय गणितात दोन ऋण चिन्हांचा गुणाकार धन होतो, तसे भाषेत नेहमी घडत नाही. 'तुमची सूचना अयोग्य नाही' असे म्हणणारा ती सूचना योग्य असल्याचे पूर्णपणे मान्य करीत नाही. 'चालण्यासारखी आहे' एवढेच सुचवितो. म्हणजे दुहेरी नकार प्रश्न कठीण करतो आणि संदिग्धही करतो.

तपासताना 'नाही', 'नसते', 'शिवाय', 'वगळता' हे शब्द आणि 'अ-', 'अन-', 'गैर-' हे उपसर्ग अधोरेखित करावेत. प्रश्नविधान व एखादा पर्याय मिळून दोन खुणा दिसल्या, तर रचना बदलावी. एकच नकार आवश्यक असेल, तर तो ठळक छापावा. मग पर्यायांत नकार ठेवू नये.

सुधारित प्रश्न

पारंपरिक व्याकरणानुसार पुढीलपैकी कोणत्या वाक्यातील 'मुलाला' हे पद चतुर्थी विभक्तीत आहे?
(अ) आईने मुलाला कडेवर घेतले.
(ब) शिक्षकांनी मुलाला पुस्तक दिले.
(क) पोलिसांनी मुलाला घरी पोहोचवले.
(ड) वडिलांनी मुलाला झोपेतून उठवले.

येथे संदर्भ दिलेला आहे, नकार नाही आणि चारही वाक्ये चार-चार शब्दांची व एकाच घडणीची आहेत. (ब) निवडण्यासाठी कर्म आणि संप्रदान यांतील भेदच ओळखावा लागतो.

तपासणीतून सुटलेला दोष कधीकधी उत्तरपत्रिकांत दिसतो. एरवी चांगले गुण मिळविणारे विद्यार्थी दोन पर्यायांत विभागले गेले असतील, तर प्रश्नविधान पुन्हा वाचावे. एरवी कमी गुण मिळविणाऱ्यांनीही जवळजवळ एकमुखाने बरोबर उत्तर दिले असेल, तर पर्याय पाहावेत. मात्र हा केवळ संशय आहे, पुरावा नव्हे. प्रश्न मुळातच सोपा असू शकतो आणि उत्तरपत्रिका थोड्या असतील, तर योगायोगही घडतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

'खाली' हा शब्द कोणत्या जातीचा आहे? (अ) नाम (ब) क्रियाविशेषण अव्यय (क) शब्दयोगी अव्यय (ड) सर्वनाम.

या प्रश्नातील दोष सांगा व प्रश्न सुधारून लिहा.

(उत्तरासाठी दिशा: 'तो खाली बसला' आणि 'तो झाडाखाली बसला' या वाक्यांची तुलना करा.)