डेंग्यूचा ताप उतरतो तेव्हा

पावसाळा सरत आला की औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते. ‘साध्या औषधानं पोराचा ताप हटत नाहीये, जरा स्ट्राँग द्या.’ दुकानदार मग जी बाटली काढून देतो, तिच्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. एरवीच्या सर्दी-तापात हे खपून जातं, पण मुलाला डेंग्यू असेल तर हीच बाटली घात करू शकते.

कुठं खरचटलं की रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे आपण नुसतंच ‘पेशी’ म्हणतो त्या, तिथं गोळा होऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. चिकटण्यासाठी लागणारं रसायन त्या स्वतःच तयार करतात. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नेमकं ते तयार होणं थांबवतात. आयबुप्रोफेनचा हा परिणाम काही तासांत ओसरतो. अ‍ॅस्पिरिन मात्र त्या पेशीला कायमचं निकामी करतं, आणि नव्या पेशी येईपर्यंत आठवडाभर तरी जातो. डेंग्यूत पेशींची संख्या आधीच घसरत असते; उरलेल्याही अशा निकामी झाल्या, तर रक्त थांबवायला राहिलं कोण? शिवाय हीच औषधं जठराचं आतलं संरक्षक अस्तर दुबळं करतात. उलट्या करणाऱ्या, धड न जेवलेल्या मुलाच्या पोटात मग तिथूनच रक्त सुटू शकतं. डायक्लोफिनॅक आणि निमेसुलाइड याच घराण्यातले. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. अ‍ॅस्पिरिनचा आणखी एक धोका आहे: विषाणूच्या तापात ते दिल्यास क्वचित काही मुलांचा मेंदू आणि यकृत दोन्हींना गंभीर इजा होते. हृदयाच्या दुखण्यासाठी एखाद्या मुलाला रोज अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ते परस्पर बंद न करता ताप येताच त्याच्या डॉक्टरांना विचारायचं.

‘पण डेंग्यू आहे हे अजून ठरलंय कुठं?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर म्हणूनच कडक आहे. पहिल्या दिवसांतली चाचणी निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाहीच असं म्हणता येत नाही. म्हणून या मोसमात मुलाच्या कुठल्याही तापाला घरच्या घरी फक्त पॅरासिटामॉल.

तेही वजनावर, वयावर नव्हे. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. साडेतीन वर्षांची, १२ किलो वजनाची एक मुलगी घेऊ. तिला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पुरे. बाटलीवर ‘५ मिलीत १२० मिलिग्रॅम’ असेल, तर ५ ते साडेसात मिली द्यायचं. पण घरात मोठ्या भावाची बाटली उरलेली असते आणि तिच्यावर असतं ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’. रंग तोच, वास तोच. आजी नेहमीसारखं ५ मिली पाजते आणि मुलीच्या पोटात २५० मिलिग्रॅम जातात. चार वेळा दिलं की दिवसाचे १००० मिलिग्रॅम झाले, आणि तिची दिवसाची कमाल मर्यादा आहे ७२०. त्यावर सर्दीचं पातळ औषध चालू असलं, तर त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असतं, त्यामुळे हा जादा भार त्याला झेपत नाही. तान्ह्या बाळांचे थेंब तर आणखी तीव्र, बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम. ते चमच्यानं पाजणं म्हणजे सरळ विषबाधेला आमंत्रण. स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवून बाटलीसोबतचं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी, आणि दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवावी. रात्रपाळीला आई, दिवसा आजी असली की डोस दोनदा जातो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर घरी डोस न देता थेट डॉक्टरांकडेच न्यायचं.

एवढं करूनही ताप पुरता उतरत नाही, आणि खरी गडबड इथंच होते. डेंग्यूचा ताप पॅरासिटामॉलनं १०४ वरून १०२ वर येतो आणि तिथंच रेंगाळतो. तेवढ्यात मूल उठून बसलं, पेज किंवा नारळपाणी प्यायलं, तर औषधानं आपलं काम केलं. आकडा ९८ वर आणायचा हट्ट धरणारेच ‘स्ट्राँग’ बाटलीपर्यंत पोचतात. कोमट पाण्यानं अंग पुसावं. ओआरएस थोडं थोडं, सतत पाजत राहावं. बीट-डाळिंबाचा रस मात्र या दिवसांत नको, कारण उलटी लाल दिसली की रक्त कुठलं आणि रस कुठला, हे कळत नाही. पेशी वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा कडू रस बळजबरीनं पाजणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, की त्यानं उलटी झाली तर पोटात गेलेलं पाणीही बाहेर येतं.

आता तीच मुलगी पुढं पाहू. ताप सोमवारी सुरू झाला. शुक्रवारी, म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी थर्मामीटर ९९ दाखवतो. घर सुटकेचा श्वास टाकतं, बाबा कामावर जातात. पण डेंग्यूचा धोक्याचा काळ आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, बहुधा ताप उतरताना सुरू होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत साचतं. हे साधारण २४ ते ४८ तास चालतं. ताप गेल्यावर मुलानं खेळायला हवं. ही मुलगी मात्र लोळत राहते. पोट दुखतंय म्हणते आणि हात लावू देत नाही. सकाळपासून तीन उलट्या झाल्या आहेत. शू शेवटची कधी झाली, तर रात्री. तळहात-तळपाय गार आहेत.

यातलं एकही लक्षण दिसलं, तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट न बघता तिला भरती करून घेणाऱ्या रुग्णालयात न्यायचं. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, दम लागणं, कमालीची सुस्ती किंवा उगाच चिडचिड, चार ते सहा तास लघवी नसणं, हेही त्याच यादीतलं. ‘बोलतेय की नीट’ या भरवशावर राहू नये. डेंग्यूच्या शॉकमधलं मूल बऱ्याच उशिरापर्यंत शुद्धीवर असतं आणि विचारलेल्याला उत्तरही देतं.

रुग्णालयात घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पेशी किती?’ डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट हा आकडाही बघत असतात. रक्तातलं पाणी झिरपून गेलं की उरलेलं रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. मुलीचा तो आधी ३५ होता आणि आता ४२ आहे, म्हणजे वीस टक्क्यांची वाढ. पेशी ८० हजार असल्या तरी अंगावर कुठं रक्तस्राव नसेल, तर त्या चढवायची गरज नसते. तिला हवं असतं मोजून-मापून दिलेलं सलाइन. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगाव्यात: ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, शू शेवटची कधी झाली, आणि कोणतं औषध किती वाजता दिलं. औषधाच्या बाटल्या पिशवीत टाकून सोबत न्याव्यात. ‘स्ट्राँग’ म्हणून आणलेलीही.