पेढ्याचा बॉक्स कुणाच्या घरी?

लग्नाची तारीख ठरली, हॉलचा आगाऊ भरला, पत्रिकेचा मजकूर तीनदा तपासून छापखान्यात गेला, की घरात खरी चर्चा सुरू होते. कुणाकडे जोडीनं जायचं, कुणाला नुसता फोन करायचा आणि कुणाला मोबाइलवर पत्रिका पाठवली तरी चालेल? पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ सगळ्यांसाठी एकच छापलेलं असतं, पण ती कुणाच्या हातून आली हे पाहणारे पाहतातच.

ही प्रतवारी व्हॉट्सअ‍ॅपनं आणलेली नाही. गावाकडे आवतणाचे प्रकार पूर्वीपासून ठरलेले आहेत. काही घरांना ‘घरटी एक’, म्हणजे घरातल्या एका माणसानं यायचं. काहींना ‘चूलबंद’, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. शहरात पत्रिका आणि अक्षता घेऊन घरोघर जाण्याची पद्धत होती, आणि लांबच्यांना कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं पाकीट पोस्टानं जायचं. मिठाईचा बॉक्स मात्र त्या मानानं नवा. मराठी घरात पेढे वाटले जायचे ते साखरपुडा झाल्यावर, मूल झाल्यावर किंवा परीक्षेचा निकाल लागल्यावर. आमंत्रणाला अक्षता पुरत. आता पत्रिकेसोबत अर्धा किलोचा बॉक्स नेणं अनेक घरांत रूढ झालं आहे, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न वेळेसोबत खर्चाचाही झाला.

बहुतेक घरं ही यादी जवळीक पाहून करतात आणि तिथेच फसतात. रोज बोलणाऱ्या मावसबहिणीला मेसेज गेला तर ती रागावत नाही, उलट हळदीला कोणती साडी नेसायची हे विचारते. चार वर्षांत भेट न झालेले चुलत आजोबा मात्र मेसेज पाहून गप्प बसतात आणि लग्नाला येत नाहीत. घरी जाऊन आमंत्रण देणं हा मान असतो, आणि मान ठरतो तो लग्नातल्या कामावरून आणि नात्याच्या रांगेवरून.

काम म्हणजे काय? मंगलाष्टकांच्या वेळी पाठीशी मामा उभा राहतो, मुलीला बोहल्यावर तोच आणतो, आणि अनेक घरांत मुलीची पिवळी साडी त्याच्याकडून येते. त्याला पत्रिकेचा फोटो पाठवणं शोभत नाही. आत्या, कानपिळीचा मान असलेला भाऊ, करवली, थोरले जावई, व्याही ही सगळी मानाची माणसं. ज्यांनी केळवणाला बोलावलं आहे त्यांनाही मेसेज नको. मात्र त्यांच्यासाठी वेगळी फेरी लागत नाही, केळवणाला जातानाच पत्रिका न्यावी.

रांगेचा नियम सोपा आहे, पण पाळायला कठीण. एका आत्याकडे गेलात तर सगळ्या आत्यांकडे जायचं. सगळ्यांकडे जमणार नसेल तर त्या रांगेला एकच रीत ठेवायची. नातेवाईक एकमेकांना फोन करतात आणि पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्याकडे कोण आलं होतं?’

एक उदाहरण मांडून पाहू. मुलगी डोंबिवलीची, यादीत 180 घरं. तीन काका, दोन आत्या, दोन मामा, तीन मावश्या ही सख्खी रांग 10 घरांची. आजी-आजोबांच्या पिढीतली हयात माणसं 5 घरांत. व्याही आणि जावई धरून आणखी 3. केळवण करणारी, या तिन्हींत न बसणारी 4. एकूण 22. यांतली 8 घरं सातारा-कोल्हापूरकडची, म्हणजे दोन दिवसांची एक फेरी. उरलेली 14 ठाणे-मुंबईतली. एका घरी चहा टाळता येत नाही, निघता निघता अर्धा-पाऊण तास जातोच, त्यामुळे रविवारी चार घरांच्या वर होत नाहीत. म्हणजे फेरीखेरीज चार रविवार. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची ताकद साधारण एवढीच असते.

अडचण येते ती पुढच्या रांगेत. आई-वडिलांची चुलत, आते, मामे, मावस भावंडं मिळून 24 घरं, नाशिकपासून वसईपर्यंत पसरलेली. यांतल्या दोघांशी फार सख्य म्हणून त्यांच्याकडे बॉक्स गेला, की उरलेली 22 दुखावली. इथे सगळ्यांना छापील पत्रिका कुरियरनं आणि वडिलांचा किंवा आईचा स्वतःचा फोन, हीच रीत बरी. ‘तुमची पत्रिका दादाकडे देऊन ठेवली आहे’ हे मात्र करू नये. लग्नघराला तो वाचवलेला हेलपाटा वाटतो, घेणाऱ्याला अपमान.

वर्षभरात मृत्यू झालेलं घर यादीत असेल तर तिथे जाणं टाळू नये. उलट आधी जावं, बॉक्स न नेता, आणि थोडं बसून मग पत्रिका द्यावी. वैधव्य आलेल्या काकू-मावशीला हळद-कुंकू न लावता पत्रिका पुढे सरकवणारी घरं अजून आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याचं अनुकरण करायला सांगितलं. लग्नघरानं त्यासाठी ठरावाची वाट पाहायची गरज नाही.

बॉक्सात काय घालायचं हे फेरीच्या वेळापत्रकावर ठरवावं. खव्याचे पेढे मेच्या उन्हात गाडीत दिवसभर राहिले तर वास धरतात. चार रविवारांचे बॉक्स एकदम आणून ठेवणं म्हणूनच चुकीचं. त्या-त्या आठवड्याचे शनिवारी आणावेत, नाहीतर बेसनाचे लाडू किंवा काजूकतली घ्यावी. सुट्या मिठाईवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख दाखवणं ऑक्टोबर 2020 मध्ये दुकानदारांना बंधनकारक करण्यात आलं होतं. ती लावलेली असेल तर पाहून, नसेल तर विचारूनच बॉक्स भरून घ्यावेत.

राहिली 134 घरं: शेजारी, कार्यालयातले सहकारी, मुलीच्या मैत्रिणी, दूरचे नातलग. शेजाऱ्यांकडे चपला घालून पाच मिनिटांत जाता येतं, तिथे मेसेज हा निव्वळ आळस. बाकीच्यांना मेसेज चालतो. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती, तेव्हापासून मोबाइलवरच्या पत्रिकेचं कुणाला फारसं वावगं वाटत नाही. पण तो मेसेज नावानिशी, एकेकाला जायला हवा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेली पत्रिका ही बातमी असते, आमंत्रण नव्हे. ब्रॉडकास्ट यादीतही एक खोच आहे: समोरच्यानं तुमचा नंबर साठवलेला नसेल तर तो मेसेज त्याला पोहोचतच नाही. काकांनी नवीन फोन घेतला, जुने नंबर गेले आणि इकडे ‘कळवलं होतं’ म्हणून सगळे निवांत, असं होतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवावी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली .apk फाइल पाठवून फसवणूक करण्याचे प्रकार झाले आहेत, त्यामुळे लोक अनोळखी फाइल उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

क्रमही महत्त्वाचा. थोरल्या मामांकडे बॉक्स पोहोचायच्या आधी त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर पत्रिका फिरत असेल तर पुढच्या रविवारची भेट वाया गेली. म्हणून आधी घरच्या भेटी, मग फोन आणि कुरियर, आणि शेवटी मेसेज. घरात कुणी हौशी तरुण असेल तर त्याला हे आधीच बजावून ठेवावं, कारण पत्रिकेचं डिझाइन तयार झालं त्याच रात्री ते त्याच्या स्टेटसवर चढतं.

एवढं करूनही एखादं नाव राहतंच. पत्रिकेच्या तळाशी ‘नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच अगत्याचे आमंत्रण समजावे’ असं छापलेलं असतं, पण ज्याला पत्रिकाच मिळाली नाही त्यानं ते वाचायचं कुठे? लक्षात येईल त्याच संध्याकाळी फोन करा, राहून गेलं हे सरळ सांगा, आणि माणूस मानाच्या रांगेतला असेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकून त्याच्या घरी जा.