पिवळा किती पिवळा?

हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीनही डोस झाले, की एक-दोन महिन्यांनी नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि रुग्णालयातले कर्मचारी यांच्या रक्ताची एक चाचणी करतात. लशीमुळे अंगात प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली का, एवढंच त्यातून पाहायचं असतं. ही चाचणी बरेचदा एलायझा पद्धतीने होते आणि हल्ली तिच्या प्लेटचा फोटो मोबाइलवर फिरतो. पारदर्शक प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यात आठ ओळी आणि बारा रकान्यांत ९६ छोटे खळगे. काही गडद पिवळे, काही फिके, काही जवळजवळ पाण्यासारखे. फोटो पाहणारा लगेच विचारतो, "माझा पिवळा आहे ना?"

हा पिवळा येतो कुठून, ते आधी पाहू. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूच्या बाह्य आवरणावरचं प्रथिन आधीच चिकटवलेलं असतं. त्यात रक्तातला सीरम टाकला, की त्यातली प्रतिपिंडं त्या प्रथिनाला पकडतात. मग तेच प्रथिन पुन्हा टाकतात, पण आता त्याला पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम जोडलेलं असतं. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एक तळाशी गुंतलेला, दुसऱ्याने ते हे एन्झाइमवालं प्रथिन धरतं. त्यानंतर खळगे नीट धुतले, की धरलेलं तेवढं उरतं आणि सुटं ते वाहून जातं. शेवटी टीएमबी नावाचं रंगहीन द्रावण घालतात. एन्झाइम जिथे आहे तिथे ते निळं होतं. ठरलेली मिनिटं संपली की आम्ल टाकून क्रिया थांबवतात आणि त्या आम्लाने निळ्याचं पिवळं होतं. म्हणून फोटोत प्लेट निळी दिसली, तर तो क्रिया थांबवण्याआधी काढलेला आहे. त्यावरून निकाल काढायचा नाही, कारण रंग तेव्हा अजून चढतच असतो.

आता नजर आपल्या नमुन्यावरून काढून प्लेटच्या डाव्या कडेला न्या. जाणकार तिथूनच सुरुवात करतो. ए१ हा पहिला खळगा बहुतेक वेळा ब्लँक असतो. त्यात सीरम नाही, एन्झाइमही नाही, फक्त टीएमबी आणि आम्ल. प्लॅस्टिक आणि द्रावण मिळून स्वतःच किती प्रकाश अडवतात, ते यातून कळतं. ब्लँकच पिवळा दिसला तर टीएमबी दूषित झालं होतं किंवा शेजारून काही उडालं. मग पूर्ण प्लेटवरचाच विश्वास उडतो. ब्लँक आणि निगेटिव्ह कंट्रोल यांची गल्लत मात्र करू नये. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये प्रतिपिंडं नसलेला सीरम असतो आणि एन्झाइमसकट सगळे टप्पे होतात. धुण्यात कसूर झाली तर ब्लँक स्वच्छ राहतो, पण निगेटिव्ह पिवळसर होतो. दोष नेमका कुठे आहे, हे या दोन खळग्यांच्या फरकातून कळतं.

त्यांच्याखाली स्टँडर्ड असतात. प्रतिपिंडांचं प्रमाण आधीच मोजलेले हे सीरम, प्रत्येक दोन-दोन खळग्यांत. आपल्या उदाहरणात ते ०, १०, ५० आणि १०० एककांचे आहेत असं धरू. इथलं एकक म्हणजे एका मिलिलिटरमागे मिलि-आंतरराष्ट्रीय एकक. फोटोत या खळग्यांमधला पिवळा पायरीपायरीने गडद होत गेला पाहिजे आणि प्रत्येक जोडी सारखी दिसली पाहिजे. जोडीतला एक गडद आणि एक फिका असेल, तर पिपेटिंग चुकलं आहे.

यापुढे डोळ्याचं काम संपतं. प्लेट रीडर ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश खळग्यातून सोडतो आणि किती अडला ते ओडी या आकड्यात सांगतो. समजा ब्लँक आला ०.०४५. तो सगळ्यांतून वजा केल्यावर शून्याचा स्टँडर्ड उरला ०.०१०, दहाचा ०.१२०, पन्नासचा ०.५३५ आणि शंभराचा १.००५. पाचव्या रकान्यात एकाखाली एक तीन नमुने आहेत. ब्लँक वजा करून त्यांचे आकडे: डी५ ०.१०५, ई५ ०.१४५, एफ५ ०.१२५. फोटोत तिघेही एकसारखे फिके लिंबूरंगी. स्टँडर्डच्या आलेखावर बसवले की डी५ जातो साधारण ८.६ वर, ई५ १२.४ वर आणि एफ५ १०.५ वर.

या चाचणीचा कटऑफ आहे १०. त्याहून कमी ते निगेटिव्ह, तेवढं किंवा जास्त ते पॉझिटिव्ह. म्हणजे ई५ सुटली, डी५ अडकली. आणि एफ५? अनेक किटांत कटऑफच्या दहा टक्के वर-खाली, म्हणजे इथे ९ ते ११, हा संशयाचा पट्टा मानतात. एकच सीरम दोनदा मोजला तरी एवढा फरक सहज पडतो. एफ५ त्या पट्ट्यात पडते, म्हणून तिचा नमुना पुन्हा, दोन खळग्यांत लावायचा. ओडीमधल्या ०.०२ च्या फरकावर हे निकाल फिरतात. मोबाइलचा कॅमेरा खोलीतल्या दिव्यानुसार पांढरा रंग स्वतःच ठरवतो. तो काय हा फरक दाखवणार!

दुसऱ्या टोकालाही डोळा फसतो. ओडी १ म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा पार गेला, २ म्हणजे शंभरावा. डोळ्याला दोन्ही नुसते गडद पिवळे. शंभराच्या स्टँडर्डपलीकडे गेलेल्या नमुन्याला "शंभरावर" एवढंच लिहायचं. नेमका आकडा हवा असेल तर सीरम पातळ करून परत मोजावा लागतो.

फोटो म्हणून निरुपयोगी नाही, मात्र त्याचा उपयोग वेगळा आहे. प्लेट कुठे बिघडली, ते आकड्यांच्या तक्त्यापेक्षा त्यात लवकर दिसतं. कडेचे सगळे खळगे आतल्यांपेक्षा वेगळ्या छटेचे असतील, तर इन्क्युबेटरमध्ये कडा आधी तापल्या किंवा तिथलं पाणी उडालं. डावीकडून उजवीकडे रंग सरकत उतरत असेल, तर टीएमबी ज्या क्रमाने आणि गतीने घातलं तसं आम्ल घातलेलं नाही. पहिल्या रकान्यांना जास्त वेळ मिळाला. खळग्यात बुडबुडा किंवा तळाला बोटाचा ठसा दिसला, तर रीडरचा आकडाही खोटा. प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून, झाकण काढून, सरळ वरून फोटो घेतला तरच हे सगळं दिसतं.

दहाचा कटऑफ लशीनंतर टिकणाऱ्या संरक्षणाशी ताडून ठरलेला आहे. पण तो अर्थ शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांत केलेल्या तपासणीपुरता. तेव्हा डी५ सारखा निकाल आला तर आणखी डोस देऊन पुन्हा तपासतात. तेव्हा दहाच्या वर गेलेल्या निरोगी माणसाचा आकडा पुढे काही वर्षांनी दहाखाली आला, तरी त्याचं संरक्षण गेलं असं धरत नाहीत. पेशींची स्मृती एलायझाच्या खळग्यात दिसत नाही.

सगळ्याच एलायझांना असे बाहेरून ठरलेले एकक नसतात. डेंग्यूच्या आयजीएम चाचणीत कटऑफ बहुधा त्याच प्लेटवरच्या कंट्रोल किंवा कॅलिब्रेटरवरून काढतात आणि सूत्र किटच्या माहितीपत्रकात असतं. कालच्या प्लेटचा कटऑफ आजच्या प्लेटला लावता येत नाही. आणि हिपॅटायटिस बीच्याच गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या काही किटांत तर सगळं उलटं असतं. तिथे नमुन्यातली प्रतिपिंडं एन्झाइमवाल्या प्रतिपिंडांची जागा अडवतात, त्यामुळे पॉझिटिव्ह खळगा फिका राहतो आणि निगेटिव्ह गडद पिवळा होतो.