कदम शाबूत, कुलकर्णींचे ‘कलकरण’

एका पतसंस्थेच्या सभासद-यादीत नाव-पत्त्यांच्या ओळी स्वल्पविराम, कंस आणि तिरक्या रेघांनी भरल्या होत्या. त्या साफ करायला कुणीतरी पायथनमध्ये एक ओळ लिहिली:

```
re.sub(r"[^\w\s]", "", s)
```

म्हणजे अक्षर, अंक, अधोरेघ किंवा मोकळी जागा नसेल ते सगळे पुसा. चाचणी ‘कदम’ आणि ‘भगत’ या नावांवर झाली; दोन्ही शाबूत राहिली. राहणारच, त्यांत मात्रा कुठे आहे?

युनिकोडमध्ये ‘कु’ म्हणजे क आणि उकार अशी दोन चिन्हे. पायथनच्या `re` मधले `\w` क ला अक्षर मानते, उकाराला नाही. वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचीही तीच गत. त्यामुळे कुलकर्णी झाले ‘कलकरण’, देशपांडे ‘दशपड’. संगणकाने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी ती नव्हतीच.

पाकिटे छापली गेली तेव्हा गोंधळ उघड झाला. माने आणि मोने दोघेही ‘मन’! उलट दुरुस्ती अशक्य, म्हणून मूळ फाईलवर नवी ओळ चालवावी लागली:

```
re.sub(r"[^\w\s\u0900-\u097F]", "", s)
```

यात देवनागरीचा सगळा पट्टा वाचतो. दंडही वाचतो, पण पत्त्यात तो क्वचितच येतो. आता साफसफाईच्या आधी आणि नंतर मात्रा मोजतात. आकडा घटला, की काम थांबते.