तांबी असताना दिवस गेले तर

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हे गर्भपिशवीत बसवायचे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे प्लास्टिकचे छोटे साधन असते. त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून झिरपणारे तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बहुतेक वेळा फलधारणाच होत नाही. सरकारी दवाखान्यांत बसवली जाणारी ‘३८० ए’ ही तांबी 10 वर्षे काम करते. ती बसवलेल्या 1000 स्त्रियांपैकी पहिल्या वर्षात सुमारे 6 ते 8 जणींना दिवस जातात. पुढच्या वर्षांत हे प्रमाण आणखी घटते.

या मोजक्या स्त्रियांपैकी अनेकींची तांबी जागेवरून सरकलेली असते. ती खाली गर्भाशयमुखात उतरते किंवा पाळीच्या रक्तासोबत नकळत पडून जाते. असे बहुधा बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत घडते. योनीमार्गात बोट घातल्यावर तांबीचा धागा एरवीपेक्षा लांब लागणे, मुळीच न लागणे किंवा प्लास्टिकचे टोक टोचणे, ही त्याची खूण असते. मात्र तांबी अगदी जागेवर असूनही क्वचित गर्भ राहतो.

समजा, दोन वर्षांपूर्वी तांबी बसवलेल्या एका स्त्रीची पाळी दोन आठवडे लांबली आणि लघवीच्या तपासणीत दिवस गेल्याचे दिसले. डॉक्टरांना सर्वांत आधी गर्भ कुठे रुजला आहे हे पाहावे लागते. तांबी गर्भपिशवीतील गर्भ जितका रोखते, तितका नलिकेतला रोखत नाही. म्हणून तांबी असताना राहिलेल्या 100 गर्भांपैकी सुमारे 6 ते 8 गर्भनलिकेत असतात. पण तांबीमुळे मुळात गर्भच इतके कमी राहतात, की कोणतेही साधन न वापरणाऱ्या स्त्रीपेक्षा तांबी वापरणारीला नलिकेतील गर्भाचा एकूण धोका कमीच असतो. ओटीपोटात एका बाजूला सतत दुखणे, थोडे थोडे रक्त जाणे, चक्कर येणे आणि खांद्याच्या टोकाला दुखणे ही नलिकेतील गर्भाची लक्षणे आहेत. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेतते. त्यामुळे पाळी चुकल्यावर सोनोग्राफी लांबणीवर टाकता येत नाही.

या स्त्रीचा गर्भ सोनोग्राफीत गर्भपिशवीतच दिसला, तर पुढचा प्रश्न तांबीचा. ती तशीच राहिली तर जवळपास निम्म्या स्त्रियांचा गर्भपात होतो. शिवाय जंतुसंसर्गाची आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता वाढते. वेळेत काढली तर गर्भपाताचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. म्हणून धागा दिसत असेल, तर पहिल्या 12 आठवड्यांच्या आत तांबी काढण्याचा सल्ला दिला जातो. डॉक्टर चिमट्यात धागा धरून तो सावकाश, एकसारखा ओढतात. काढतानाही गर्भपात होऊ शकतो, पण ठेवण्यातला धोका त्याहून मोठा असतो. हे स्त्रीला आधी समजावून तिची संमती घेतली जाते.

गर्भपिशवी वाढू लागली की धागा वर खेचला जातो आणि दिसेनासा होतो. अशा वेळी तांबी शोधण्यासाठी आत अवजार घातले, तर गर्भालाच इजा होऊ शकते. म्हणून तांबी बहुधा आतच ठेवून गरोदरपण जपले जाते. ताप, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, पोटात कळा किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. या सावधगिरीला इतिहास आहे. 1970च्या दशकात अमेरिकेतील ‘डाल्कन शील्ड’ या साधनाचा धागा अनेक तंतूंचा होता. त्यातून जंतू वर चढत आणि गरोदर स्त्रियांना जीवघेणा संसर्ग होई. 1974 मध्ये तिथली त्याची विक्री थांबवण्यात आली. आजच्या तांबीचा धागा एकेरी तंतूचा असतो.

तांबी बाळाला टोचेल, त्याच्यात व्यंग येईल, ही भीती अनेकींना वाटते. पण बाळ पाण्याच्या पिशवीत असते आणि तांबी त्या पिशवीच्या बाहेर. तांबीमुळे बाळात व्यंग येते असे आढळलेले नाही.

गर्भ नको असेल, तर भारतातील कायद्यानुसार संततिनियमनाचे साधन फसणे हे गर्भपाताचे मान्य कारण आहे. 2021 पासून अविवाहित स्त्रियांनाही ते लागू आहे. 20 आठवड्यांपर्यंत त्यासाठी एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. गर्भपात करतानाच तांबीही काढली जाते.

गर्भ वाढवला आणि तांबी आत राहिली, तर ती प्रसूतीच्या वेळी बहुधा वारेबरोबर किंवा पडद्यांबरोबर बाहेर येते. म्हणून वार नीट तपासली जाते. तांबी तिथे सापडली नाही, तर ती आधीच पडून गेली असे गृहीत धरले जात नाही. पोटाचा एक्स-रे काढून ती गर्भपिशवीची भिंत भेदून पोटात गेली आहे का, हे पाहिले जाते.