पुड्यावरचा हमीभाव

परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी आणलेला कॉफीचा पुडा उलटसुलट करून पाहिला, तर कोपऱ्यात बऱ्याचदा एक काळा चौकोन सापडतो. त्यात निळ्या-हिरव्या रंगात हात उंचावलेली माणसाची आकृती असते. हे ‘फेअरट्रेड’चं चिन्ह. शेतकऱ्याला रास्त दाम मिळाला, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक गिऱ्हाईक घेतं. तो दाम किती, कुणाच्या हातात आणि कुठल्या टप्प्यावर मिळाला, हे पुड्यावर लिहिलेलं नसतं.

या चिन्हाचा जन्म 1988 सालचा, नेदरलँड्समधला. मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतात ‘उसिरी’ नावाची कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था होती. तिथे काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि नेदरलँड्समधले कार्यकर्ते निको रोझेन यांनी मिळून ‘माक्स हावेलार’ हे लेबल बाजारात आणलं. हे नाव एका डच कादंबरीच्या नायकाचं. जावा बेटावरच्या शेतकऱ्यांची डच राजवटीने चालवलेली पिळवणूक त्या कादंबरीने 1860 मध्ये चव्हाट्यावर आणली होती. लेबल निघालं आणि वर्षभरात, 1989 मध्ये, कॉफी-निर्यातीचे कोटे ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला. भाव धाडकन कोसळले. लेबलची गरज सिद्ध करायला आणखी काही लागलं नाही.

फेअरट्रेडचा गाभा म्हणजे किमान भाव. धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिका कॉफीला 2023 पासून पौंडामागे 1.80 डॉलर हा तळ ठरला आहे. त्याआधी तो 1.40 होता. बाजारभाव तळाच्या वर असेल तर बाजारभाव द्यायचा, खाली गेला तर तळाचा. शिवाय दोन्ही वेळा 20 सेंट ‘प्रीमियम’ वेगळा. आपल्याकडचा हमीभाव माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे खरेदी केंद्र उघडणारं सरकार नाही. तळाचा भाव ठरलेला असतो, पण त्या भावाने माल उचलण्याचं बंधन कुणावरच नसतं.

दुसरी मेख उसाच्या एफआरपीसारखी आहे. एफआरपी कारखान्याच्या गेटवर मोजली जाते आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, हे कोल्हापूर-सांगलीतल्या कुठल्याही ऊसकऱ्याला तोंडपाठ असतं. फेअरट्रेडचा भाव त्याहून लांब, बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा आहे. तो सहकारी संस्थेला मिळतो. त्यातून बियांची साल काढणं, प्रतवारी, पोती, बंदरापर्यंतची वाहतूक, कर्जाचं व्याज, प्रमाणपत्राची फी आणि संस्थेचा कारभार एवढं भागवून उरलेला पैसा सभासदाकडे येतो. संस्था नीट चालली असेल तर बरा पैसा उरतो. नसेल तर काय होतं, हे सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पण खरा घोळ होतो तो विक्रीत. समजा एका संस्थेचा सगळा माल प्रमाणित आहे, मात्र फेअरट्रेडच्या अटींवर घेणारं गिऱ्हाईक शंभरातल्या तीसच पोत्यांना मिळालं. 2019 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव पौंडाला 90 सेंटच्या आसपास उतरला होता. तेव्हाच्या 1.40 च्या तळाने पौंडामागे 50 सेंट जास्त मिळाले आणि प्रीमियमचे 20, म्हणजे एकूण 70. ऐकायला घसघशीत. पण ते तीस पोत्यांवर. उरलेली सत्तर पोती तशीच प्रमाणित, तशीच जोपासलेली, पण बाजारभावाने गेली. सगळ्या मालावर सरासरी काढली तर वाढ उरते 21 सेंट, आणि त्यातून फी व कागदपत्रांचा खर्च अजून जायचा आहे.

अर्थतज्ज्ञ अलँ द जान्व्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेतल्या संस्थांचे व्यवहार तपासून यामागचं कारण दाखवलं. भाव पडले की लेबलचं आकर्षण वाढतं, मग जो तो प्रमाणपत्र काढतो. गिऱ्हाईक तेवढंच राहतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी पोती येतात. ही चढाओढ जवळजवळ तोवर चालते, जोवर फायदा प्रमाणपत्राच्या खर्चाएवढा होत नाही. यात लबाडी कुणाचीच नाही.

भाव चढल्यावर चित्र उलटं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत कॉफी पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली, तेव्हा 1.80 चा तळ कागदावरच राहिला. अशा वेळी दारात रोख घेऊन आलेला व्यापारी शेतकऱ्याला संस्थेपेक्षा जवळचा वाटतो. लॅटिन अमेरिकेत त्याला ‘कोयोते’ म्हणतात, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचा प्राणी! 2021 मध्ये भाव वाढल्यावर कोलंबियात अनेक शेतकऱ्यांनी जुन्या भावात कबूल केलेला माल दिलाच नाही आणि सहकारी संस्था अडचणीत आल्या.

प्रीमियमची गोष्ट मात्र वेगळी. तो भाव चढो वा पडो मिळतो आणि त्याचा विनियोग सभासदांची सर्वसाधारण सभा मतदानाने ठरवते. कॉफीत 20 पैकी किमान 5 सेंट उत्पादकता आणि गुणवत्तेवर खर्च करावे लागतात. बाकीचे रस्ता, शाळा किंवा रोख वाटप, सभा म्हणेल तसे. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हिशेब करून पाहावा. भाजताना कॉफीचं वजन पंधरा-सोळा टक्के घटतं, म्हणून 250 ग्रॅमच्या पुड्याला साधारण 300 ग्रॅम कच्ची बी लागते. तिच्यावरचा प्रीमियम होतो 13 सेंट, म्हणजे अकरा-बारा रुपये. पुडा साध्या कॉफीपेक्षा दीडशे रुपयांनी महाग असेल, तर उरलेल्या रकमेचा हिशेब चिन्हाला विचारून उपयोग नाही.

याच त्राग्यातून 2000 नंतर अमेरिकेतल्या काही कॉफी भाजणाऱ्यांनी ‘डायरेक्ट ट्रेड’चा झेंडा उभारला. शिकागोची इंटेलिजेन्शिया त्यात आघाडीवर होती. कल्पना अशी की भाजणाऱ्याने स्वतः शेतावर जायचं, चव घेऊन भाव ठरवायचा आणि फेअरट्रेडपेक्षा चांगला चढा दाम द्यायचा. उत्तम कॉफी पिकवणाऱ्याला यातून खरोखर चांगला पैसा मिळाला. मात्र या शब्दाला सर्वमान्य व्याख्या नाही आणि तो कुणीही छापू शकतो. शेताला वर्षातून एकदा भेट देणाराही ‘डायरेक्ट’ आणि आयातदाराच्या यादीतून पोती निवडणाराही. शिवाय असा खरेदीदार बहुधा शेतातली सर्वांत सरस दहा-वीस पोतीच नेतो. बाकीचा माल पुन्हा कोयोतेकडेच.

हिरव्या बेडकाचं ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’ तर किमान भावाचं वचनच देत नाही. त्याचा भर जंगल, फवारणी आणि मजुरांच्या वागणुकीवर. वर काही रक्कम द्यावी लागते, पण कॉफीत ती किती हे खरेदीदार आणि विक्रेता ठरवतात. चॉकलेटच्या वेष्टनावर फेअरट्रेडच्या चिन्हाशेजारी छोटा बाण दिसला, तर वेष्टनाची मागची बाजू वाचावी. कोकोमध्ये प्रमाणित आणि साधा माल कारखान्यात मिसळायला मुभा आहे. विकत घेतलेला प्रमाणित माल आणि विकलेला माल यांचं वजन जुळलं की झालं. हातातल्या वडीत त्या शेतकऱ्याचा कोको असेलच असं नाही. कॉफीला ही सवलत नाही. तिचा माल वेगळा ठेवावा लागतो.

भारतातही आता चिकमगळूर-कोडगूच्या मळ्यांची नावं छापलेले पुडे मिळतात. त्यांवर कापणीचं वर्ष असतं, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, चवीत संत्रं आणि गूळ असल्याचंही लिहिलेलं असतं. मळेवाल्याला किलोमागे काय दिलं, तो आकडा छापणारे थोडे. छापलाच असेल, तर तो मळ्याच्या दारातला आहे की बंदरावरचा, हे आधी पाहावं लागतं.